अभिवचन रजा व संचित रजा : बंद्याच्या कुटुंबाचा अर्ज, वर्तणुकीची नोंद आणि तातडीचे कारण

प्रस्तावना

ग्रामीण व निमशहरी भागातील महाविद्यालयांत काम करणाऱ्या प्राध्यापकांकडे लोक अनेक प्रकारचे अर्ज लिहून घेण्यासाठी येतात. शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, सातबाऱ्यावरील नोंद या अर्जांची आपल्याला सवय असते. परंतु एखादी विद्यार्थिनी, 'माझे वडील शिक्षा भोगत आहेत, आजीचे ऑपरेशन आहे, त्यांना घरी आणण्यासाठी अर्ज लिहून द्या,' असे म्हणते, तेव्हा आपली लेखणी थबकते. मग सहानुभूतीच्या भरात जो मजकूर लिहिला जातो त्यात गरिबी, म्हातारपण, मुलांचे हाल आणि बंद्याचा चांगुलपणा यांचे वर्णन असते. तो अर्ज काही आठवड्यांनी एका ओळीच्या उत्तरासह नामंजूर होतो. कुटुंबाचा समज असा होतो की गरिबाचे कोणी ऐकत नाही. वस्तुतः पुष्कळदा अर्जात असे काहीच नसते की ज्याची पडताळणी करून अधिकाऱ्याला होकार देता येईल.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सिद्धदोष बंद्याच्या रजेचा अर्ज कसा उभा राहतो आणि कोठे कोसळतो, याचा विचार केला आहे. मुख्य प्रतिपादन असे की चांगली वर्तणूक आणि तातडीचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एकीची उणीव दुसरी भरून काढत नाही. हा भेद अर्ज लिहिण्यापूर्वी ध्यानात आला तर निम्मे काम होते.

दोन रजा, दोन हेतू

महाराष्ट्रात या विषयाची चौकट 'कारागृह (मुंबई फर्लो व पॅरोल) नियम, १९५९' यांनी घालून दिली. त्या वेळी गुजरात हा द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग असल्यामुळे हेच नियम पुढे गुजरातमध्येही चालू राहिले. महाराष्ट्रात या नियमांत २०१६ व २०१८ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या आणि त्यानंतरही बदल होत आले आहेत. म्हणून रजेचे दिवस, दोन रजांमधील अंतर व अपात्रतेची यादी यांबाबत जुन्या अर्जाची नक्कल न करता अर्जाच्या दिवशी लागू असलेला मजकूर कारागृहातून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून पाहून घ्यावा. नियमांमागील तर्क मात्र स्थिर राहिला आहे आणि प्रस्तुत लेखाचा भर त्यावरच आहे.

फर्लोला आपल्याकडे संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. ही मराठी नावे अर्थवाही आहेत. संचित रजा ही ठरावीक काळ शिक्षा भोगून साचलेली रजा होय. तुरुंगवासाचा एकसुरीपणा मोडावा व बंद्याचे घराशी असलेले नाते तुटू नये, हा तिचा हेतू आहे. त्यामुळे ती मागताना कारण द्यावे लागत नाही. याउलट अभिवचन रजा ही एखाद्या विशिष्ट प्रसंगासाठी परत येण्याचे वचन घेऊन दिलेली सुटका आहे. तिला कारण लागते आणि ते नियमात बसणारे असावे लागते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेश पांडुरंग दरवाकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हाच भेद स्पष्ट केला. फर्लोसाठी कारण सांगण्याची गरज नाही, पॅरोलसाठी आहे. तथापि फर्लो हाही बंद्याचा निरपवाद हक्क नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९५९ च्या नियमांतील सतराव्या नियमानेही या नियमांमुळे बंद्याला कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असे स्पष्ट केले होते.

या भेदाचा एक व्यावहारिक परिणाम कुटुंबांना सहसा माहीत नसतो. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. बंदी ३० दिवस अभिवचन रजेवर घरी राहिला तर ते ३० दिवस त्याला पुढे भोगावेच लागतात. जन्मठेपेच्या बंद्याला याची झळ अधिक बसते. गोव्यातील काही बंद्यांच्या मुदतपूर्व सुटकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असा निर्णय दिला की १४ वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासाची गणना करताना पॅरोलचा काळ वगळला पाहिजे. तेव्हा ज्या कामासाठी संचित रजा पुरेशी आहे त्यासाठी अभिवचन रजा मागणे म्हणजे शिक्षा लांबविणे होय. बंद्याला नुसते घरच्यांना भेटायचे असेल आणि त्याची संचित रजा देय असेल, तर आजारपणाचे कारण रचून अभिवचन रजा मागण्यात दुहेरी तोटा आहे. दिवस वाया जातात, शिवाय ते कारण पोलिसांच्या पडताळणीत टिकले नाही तर पुढील खऱ्या अर्जावरही संशयाची छाया पडते.

वर्तणुकीची नोंद : ती कोठे असते व काय सांगते

कुटुंबाच्या अर्जात 'बंद्याची वर्तणूक अत्यंत चांगली आहे' हे वाक्य हमखास असते. पण कुटुंबाच्या शब्दाला या बाबतीत पुराव्याचे मोल नाही. वर्तणुकीची नोंद कारागृहाच्या दप्तरात असते व अधीक्षक आपल्या अहवालात तिच्याच आधारे लिहितात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने कारागृहातील अपराधांची व्याख्या कलम ४५ मध्ये केली, शिक्षा कलम ४६ मध्ये दिल्या आणि प्रत्येक शिक्षेची नोंद शिक्षा-नोंदवहीत करण्याचे बंधन कलम ५१ मध्ये घातले. याखेरीज बंद्याच्या वैयक्तिक पत्रिकेवर त्याने केलेले काम, मिळालेली माफी, बदल्या आणि पूर्वीच्या रजांची ये-जा यांच्या तारखा असतात.

या नोंदीतून तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे शिस्तभंगाची शिक्षा झाली आहे काय, आणि झाली असल्यास केव्हा व कशासाठी. आठ वर्षांपूर्वीची किरकोळ बाचाबाची आणि गेल्या वर्षी बराकीत सापडलेला मोबाइल यांचे वजन सारखे नसते. दुसरी म्हणजे नेमून दिलेले काम नियमित केले काय. तिसरी व सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे पूर्वी रजेवर सोडले असता तो ठरल्या तारखेस स्वतःहून परत आला काय. अधिकाऱ्याच्या मनातील मूळ भीती पळून जाण्याची असते आणि या भीतीला वेळेवर परत येण्याच्या नोंदीइतके थेट उत्तर दुसरे नाही. करोनाच्या साथीत, ८ मे २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने ४५ दिवसांच्या तातडीच्या पॅरोलची तरतूद केली. तेव्हा ७ वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या बंद्यांसाठी मागील दोन रजांवरून वेळेवर परत आल्याची अट घातली होती. ती तरतूद त्या साथीपुरती होती. तथापि शासन कोणत्या नोंदीवर सर्वाधिक विसंबते हे तिने उघड केले.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. गुजरात राज्य विरुद्ध नारायण या प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेली दोन आठवड्यांची फर्लो सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रद्द केली. बंद्याने कारागृहात बेकायदेशीरपणे मोबाइल वापरल्याचा अधीक्षकांचा प्रतिकूल अभिप्राय आणि सार्वजनिक शांततेचा प्रश्न या दोन्ही गोष्टी तेथे विचारात घेतल्या गेल्या. फर्लोला कारण लागत नाही याचा अर्थ तिला अट नाही असा होत नाही.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद नोंदवावासा वाटतो. चांगली वर्तणूक आणि शिक्षेतील माफी या एक नव्हेत. दिल्लीतील अतबीर या बंद्याच्या प्रकरणात त्याची फाशी रद्द होऊन माफीविना आजन्म कारावास झाला होता. माफीच मिळणार नसल्याने त्याला फर्लोही नाही, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ती अमान्य केली. चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणारे पारितोषिक माफीखेरीज अन्य स्वरूपाचेही असू शकते आणि माफी बंद झालेल्या बंद्यालाही चांगले वागण्याची प्रेरणा राहिली पाहिजे, असा त्यामागील विचार होता. हा निर्णय दिल्लीच्या नियमांवरील असला तरी वर्तणुकीकडे स्वतंत्रपणे पाहण्याची त्याची दृष्टी सर्वत्र उपयोगी आहे.

मग कुटुंबाने काय करावे? अर्ज लिहिण्यापूर्वी बंद्याशी भेटीत किंवा पत्राने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आजवर किती व कोणत्या रजा मिळाल्या, प्रत्येक वेळी सुटण्याची व परत येण्याची तारीख कोणती, आणि शिस्तभंगाची शिक्षा झाली आहे काय. बंदी स्वतःच्या नोंदीची माहिती कारागृहाकडे मागू शकतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा अधिनियम त्यालाही खुला आहे. अर्जात विशेषणे न लिहिता तारखा लिहाव्यात. एखादी शिक्षा झाली असेल तर ती लपवू नये. अधीक्षकांच्या अहवालात ती येणारच असते आणि अर्जात तिचा उल्लेख नसला तर अर्जातील इतर विधानांवरचाही विश्वास उडतो. 'अमुक वर्षी अमुक कारणासाठी शिक्षा झाली, त्यानंतरच्या चार वर्षांत एकही नोंद नाही,' असे एक सरळ वाक्य अर्जदाराच्या बाजूचेच ठरते.

तातडीचे कारण : यादी, नाते व पुरावा

२०१६ च्या सुधारणेने अभिवचन रजेचे दोन प्रकार केले. निकटवर्तीयाचा मृत्यू, तसेच मुला-मुलीचे किंवा भावा-बहिणीचे लग्न यांसाठी आकस्मिक अभिवचन रजा. आणि आई-वडील, पती-पत्नी वा अपत्य यांचे गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, तसेच घर कोसळणे, पूर, आग, भूकंप यांसारखी आपत्ती यांसाठी नियमित अभिवचन रजा. आकस्मिक रजेत वेळ कमी असल्याने ती कारागृहाच्या पातळीवर लवकर निकालात निघावी अशी योजना होती आणि प्रसंगी पोलीस बंदोबस्त किंवा रोजची हजेरी यांची अट घालण्यास मुभा होती. नियमित रजेचा मार्ग लांबचा होता. अधीक्षकांचा अहवाल, संबंधित पोलीस ठाण्याची चौकशी आणि मग विभागीय आयुक्तांचा निर्णय असा तो क्रम होता.

म्हणजे प्रथम पाहायचे ते कारण व नाते यादीत बसते काय. ज्या काकांनी बंद्याला लहानाचे मोठे केले त्यांचे आजारपण माणूस म्हणून कितीही महत्त्वाचे असले तरी काका यादीत नसतील तर प्रशासनाचे हात बांधलेले असतात. अशा वेळी संचित रजा देय आहे काय ते पाहावे. ती नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. न्यायालयाची दृष्टी यादीपेक्षा विस्तृत असू शकते. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलाला निरोप देता यावा व त्याच्या शुल्काची व्यवस्था करता यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका बंद्याला दहा दिवसांचा पॅरोल दिला. दुःखाप्रमाणे आनंदही भावनाच आहे, तेव्हा दुःखासाठी सुटका मिळत असेल तर आनंदासाठी का नको, असा न्यायालयाचा सूर होता. परंतु हा अपवादाचा मार्ग आहे. तहसीलच्या गावातील कुटुंबाने त्यावर पहिली भिस्त ठेवू नये.

कारण यादीत बसले तरी अधिकारी आणखी तीन गोष्टी शोधतात : ते खरे आहे काय, आजच निकडीचे आहे काय, आणि बंद्याच्या उपस्थितीने त्यात काय फरक पडणार आहे. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ अर्ज पडतात, कारण सोबत जोडलेला दाखला पडताळता येत नाही. 'रुग्ण हृदयविकाराने आजारी असून विश्रांतीची गरज आहे' एवढ्याच मजकुराच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसतो, तपासणीची तारीख नसते, रुग्णालयाचा केसपेपर क्रमांक नसतो. चौकशीला गेलेल्या पोलीस कर्मचाऱ्याला तेथे विचारण्यासारखे काही सापडत नाही. दुसऱ्या प्रश्नावर जे अर्ज पडतात त्यांत आजार जुनाट असतो. मधुमेह, संधिवात, रक्तदाब हे आजार वर्षानुवर्षे असतात. त्यांतून आजची निकड दिसत नाही. तिसऱ्या प्रश्नावर पडणाऱ्या अर्जांना मिळणारे उत्तर ठरलेले असते : 'रुग्णाची काळजी घेण्यास कुटुंबात इतर व्यक्ती उपलब्ध आहेत.'

एक उदाहरण

हे तिन्ही प्रश्न एका अर्जात कसे हाताळावेत हे पाहण्यासाठी एक कल्पित पण नित्य आढळणारे उदाहरण घेऊ. जन्मठेपेच्या एका बंद्याने सहा वर्षे भोगली आहेत. वडील हयात नाहीत. आई ६६ वर्षांची असून तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत व बायपास शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन मुले शाळेत आहेत. धाकटा भाऊ सुरतेस कारखान्यात आहे. बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. गुन्ह्यातील फिर्यादीचे घर त्याच गावात, त्याच गल्लीत आहे.

पत्नीने जानेवारीत पहिला अर्ज केला. त्यात आई फार आजारी आहे, घरी कोणी कर्ता पुरुष नाही आणि बंद्याची वर्तणूक चांगली आहे, असे लिहिले होते. सोबत गावातील डॉक्टरांची चिठ्ठी होती. जामीनदार म्हणून चुलत दिराचे नाव त्याला न विचारताच लिहिले होते. पोलीस चौकशीला गेले तेव्हा चुलत दिराने हमी घेण्यास नकार दिला, फिर्यादीने आपल्या जिवाला धोका असल्याचा जबाब दिला, आणि पोलीस पाटलाने 'धाकटा भाऊ अधूनमधून येतो' असे सांगितले. फेब्रुवारीअखेर अर्ज नामंजूर झाला. तीन कारणे दिली गेली : आजार गंभीर असल्याचा पुरावा नाही, काळजी घेण्यास अन्य नातेवाईक आहेत, आणि गावात शांतताभंगाची शक्यता आहे.

या निर्णयावर रागावण्यापेक्षा तो नीट वाचणे उपयुक्त ठरते, कारण पुढील अर्जाला कोणत्या तीन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत ते त्यातच सांगितलेले आहे. मार्चमध्ये केलेल्या दुसऱ्या अर्जात प्रत्येक कारणाला एक उत्तर होते. आजारासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाच्या शीर्षपत्रावरील दाखला जोडला. त्यावर निदान, शस्त्रक्रियेची २४ एप्रिल ही तारीख, रुग्णालयात राहण्याचे अपेक्षित दिवस, त्यानंतरच्या शुश्रूषेचा कालावधी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व रुग्णालयाचा दूरध्वनी होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रियेला मिळालेल्या पूर्वमंजुरीची प्रतही जोडली. शासकीय योजनेने शस्त्रक्रिया आवश्यक मानली आहे, हे त्या एका कागदाने सिद्ध झाले.

दुसऱ्या कारणासाठी भावाच्या मालकाकडून नोकरीचा दाखला आणि भावाचे स्वतःचे निवेदन घेतले. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो येऊ शकतो, महिनाभर राहू शकत नाही, असे त्यात होते. भावाचे अस्तित्व लपविण्याऐवजी त्याच्या मदतीची मर्यादा सांगितल्यामुळे पोलीस पाटलाच्या जबाबातून विसंगती निघण्याची शक्यता उरली नाही. तिसऱ्या कारणासाठी बंदी गावात न राहता बहिणीच्या घरी राहील व रुग्णालयाखेरीज कोठेही जाणार नाही, असे लिहून दिले. मेहुण्याने जामीनदार म्हणून स्वतः संमतिपत्र, ओळखपत्र व राहत्या घराचा उतारा दिला. संचित रजेबाबतच्या १९५९ च्या मूळ नियमांतही बंद्याला घरी ठेवून घेण्यास व हमीपत्र देण्यास तयार असा नातेवाईक असणे ही स्वतंत्र अट होती. म्हणून जामीनदाराला केवळ सहीचा माणूस समजू नये.

अर्जाचा गाभा पुढीलप्रमाणे होता :

'अर्जदार ही बंद्याची पत्नी आहे. बंद्याच्या आईवर दि. २४ एप्रिल रोजी हृदयशस्त्रक्रिया होणार असून त्यानंतर सुमारे चार आठवडे तिच्याजवळ पूर्णवेळ एक व्यक्ती असणे आवश्यक असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे (सोबत दाखला क्र. १ व २). अर्जदाराची नोकरी व दोन शाळकरी मुले यांमुळे तिला रुग्णालयात राहता येत नाही, बंद्याच्या भावास फक्त चार दिवसांची रजा मिळू शकते (क्र. ३). बंदी यापूर्वी दोन वेळा संचित रजेवर आला असून दोन्ही वेळा नेमल्या तारखेस स्वतःहून हजर झाला आहे. त्याच्याविरुद्ध शिस्तभंगाची एकही नोंद नाही. याची खात्री कारागृहाच्या अभिलेखावरून व्हावी. फिर्यादी त्याच गावात राहत असल्याने बंदी रजेच्या काळात गावात येणार नाही, तो मेहुण्याच्या घरी राहील व तेथील पोलीस ठाण्यात नेमून द्याल त्या दिवशी हजेरी देईल (क्र. ४). सबब दि. २२ एप्रिलपासून ३० दिवसांची नियमित अभिवचन रजा मंजूर व्हावी. ते शक्य नसल्यास शस्त्रक्रियेच्या दिवशी पोलीस बंदोबस्तात आईची भेट घडवून आणावी, ही विनंती.'

या मजकुरात विशेषण जवळजवळ नाही. प्रत्येक वाक्याला तारीख किंवा कागद आहे आणि वर्तणुकीचे विधान अधिकाऱ्याला त्याच्याच दप्तराकडे पाठविते. शेवटची पर्यायी विनंती महत्त्वाची आहे. पूर्ण रजा देण्यास कचरणारा अधिकारी कमी धोक्याचा पर्याय स्वीकारू शकतो, पण तो अर्जात मागितलेला असावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेचा उल्लेखही हेतुपूर्वक केला आहे. चौकशीला आठवडे लागतात आणि निर्णय २४ एप्रिलनंतर झाला तर 'शस्त्रक्रिया पार पडली, आता कारण उरले नाही,' असे उत्तर येते. दाखल्यात शुश्रूषेचा काळ लिहिलेला असल्यास कारण जिवंत राहते.

अर्ज बंद्याने अधीक्षकांमार्फत करावा की कुटुंबाने, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोघांनी एकाच मजकुराचे अर्ज करणे व्यवहारात उत्तम. कुटुंबाचा अर्जही अखेर अधीक्षकांच्या अहवालासाठी कारागृहाकडेच जातो, आणि दोन अर्जांतील नाते, पत्ता वा तारखा जुळल्या नाहीत तर तेवढ्याने शंका निर्माण होते. कुटुंबाने आपल्या अर्जाची पोच घ्यावी व तिची प्रत बंद्याकडे पाठवावी.

पोलीस अहवाल व नामंजुरी

या संपूर्ण प्रक्रियेत कुटुंबाला न दिसणारा पण सर्वांत निर्णायक कागद म्हणजे पोलीस अहवाल. त्यात 'बंदी पळून जाण्याची शक्यता आहे' हे वाक्य पुष्कळदा ठोकळ्यासारखे येते. केवळ गुन्हा गंभीर आहे एवढ्यावर ते लिहिलेले असेल तर ते तपासण्यास वाव आहे. अस्फाक विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे मत मांडले की केवळ गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली हे पॅरोल नाकारण्याचे पुरेसे कारण नाही. बंद्याची वर्तणूक, सुधारणेचा कल आणि समाजाला असलेला धोका हेही पाहिले पाहिजेत. त्या प्रकरणातील बंद्याला मात्र दिलासा मिळाला नाही. तत्त्व मान्य होणे आणि विशिष्ट बंद्याला रजा मिळणे यांत अंतर असते, हे यावरून ध्यानात येईल.

अर्ज नामंजूर झाल्यास कारणांसह लेखी आदेशाची प्रत मागावी. कारणे पुराव्याअभावी दिलेली असतील तर उदाहरणात पाहिल्याप्रमाणे नवा, सुधारलेला अर्ज अनेकदा अपिलापेक्षा लवकर फळ देतो. कागद पुरेसे असूनही ठोकळेबाज कारण दिले असेल तर वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका हा मार्ग आहे. त्यासाठी वकिलाचा खर्च परवडत नसला तरी अडून राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहे आणि त्यासाठी उत्पन्नाचा निकष आड येत नाही.

परतीची तारीख

अर्जाची कथा रजा मिळाल्यावर संपत नाही. आईची प्रकृती सुधारली नाही, म्हणून घरचे म्हणतात, 'आणखी आठ दिवस राहा, मुदतवाढीचा अर्ज दिलाच आहे.' मुदतवाढीचा अर्ज देणे म्हणजे मुदतवाढ मिळणे नव्हे. लेखी आदेश हाती नसेल तर ठरल्या दिवशी कारागृहाच्या दारात हजर राहणे हाच एकमेव सुरक्षित मार्ग आहे. उशीर झाल्यास माफीचे दिवस कापले जातात, हमीची रक्कम जप्त होऊ शकते आणि गुन्हाही नोंदविला जातो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २६२ आले आहे. याहून मोठे नुकसान असे की पुढील प्रत्येक अर्जात अधीक्षकांना ती तारीख लिहावी लागते. उदाहरणातील मेहुण्यालाही हे आधी समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण हमीपत्रावर सही त्याची असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की संचित रजेच्या अर्जात काळ व वर्तणूक यांची नोंद बोलते, अभिवचन रजेच्या अर्जात प्रसंगाचा पुरावा बोलतो, आणि दोन्हींत बंदी परत येईल याची खात्री द्यावी लागते. कुटुंबाला वर्तणुकीची नोंद निर्माण करता येत नाही. ती बंद्याने आत राहून रोज लिहावयाची असते. कुटुंबाच्या हाती आहे ते एवढेच : योग्य रजा निवडणे, पडताळता येतील असे कागद गोळा करणे, प्रतिकूल वस्तुस्थिती स्वतःहून सांगणे आणि जामीनदाराला विश्वासात घेणे. पुढल्या वेळी एखादी विद्यार्थिनी असा अर्ज लिहून घेण्यासाठी आली, तर लेखणी उचलण्यापूर्वी तिला दोन गोष्टी विचाराव्यात : वडील यापूर्वी रजेवर कधी आले व कोणत्या तारखेस परत गेले, आणि आजीच्या शस्त्रक्रियेचा कागद कोणाच्या सहीचा आहे. तिची उत्तरे अर्ज लिहिण्यास बहुतांशी पुरेशी असतात.